दासगावची उलटी नदी

(दृश्य: दासगावचा धक्का, सकाळ. पाण्यावर तरंगणारी नारळाची झावळी उजवीकडे, महाडच्या दिशेने सरकते आहे.)

ही झावळी नीट बघा. समुद्र तिच्या पाठीमागे आहे आणि सह्याद्री समोर. तरी ती सह्याद्रीकडे चालली आहे.

माझी भाची पाचवीत आहे. घरात तिला सगळे बाय म्हणतात. तिचं घर दासगावात, सावित्रीच्या काठावर. शाळेच्या पुस्तकात तिने वाचलं की नदी डोंगरातून निघते आणि समुद्राला मिळते. मग धक्क्यावर बसून तिने ही झावळी पाहिली आणि आजोबांना विचारलं, "आजा, आपली नदी उलटी कशी व्हाते?"

आजोबा मासेमारीचा पाग विणत होते. मान वर न करता म्हणाले, "उलटी नाय गो, भरती हाय ती. सुकतीला बघ, सरळ जाईल."

सुकती म्हणजे ओहोटी. पण बायचं समाधान झालं नाही. तिला सुलटी नदी बघायची होती, आणि ती उलटी व्हायला नेमकी कुठून लागते, तेही. म्हणून जानेवारीच्या शेवटी ती, तिची आई आणि कॅमेरा घेऊन मी, असे तिघे एस.टी.ने निघालो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर, महाबळेश्वरला.

(दृश्य: जुनं महाबळेश्वर, पंचगंगा मंदिर. काळ्या दगडातून वाहणारं पाणी.)

कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री. पाचही नद्या या देवळात उगम पावतात असं भाविक मानतात. ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला उशीर झाला, तिच्या जागी गायत्री बसली, रागावलेल्या सावित्रीने देवांना शाप दिला आणि त्यांच्या नद्या झाल्या, अशी कथा सांगतात. स्वतः सावित्रीने कड्यावरून पश्चिमेला उडी घेतली.

ही कथा मला फार आवडते, कारण भूगोल तिच्यात बरोबर बसलेला आहे. देवळातलं पाणी पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात उतरतं आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. सावित्रीचे ओहोळ याच पठाराच्या पश्चिम कडेवरून खाली कोसळतात आणि जेमतेम शंभर-एकशे दहा किलोमीटरांत अरबी समुद्र गाठतात. माथा एकच, उंची तीच. म्हणजे उतार कुणाच्या वाट्याला किती आला, ते तुम्हीच बघा.

(दृश्य: पठाराच्या कडेचा ओहोळ. बायचं बोट ओल्या दगडावर.)

पण डोंगराच्या माथ्यावर, जानेवारीत, पाणी येतं कुठून? बायला वाटलं होतं, वर एखादं तळं असेल. तळं नव्हतं. होता जांभा. लाल, जाळीदार, स्पंजासारखा दगड. महाबळेश्वरात वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा हा जांभा पिऊन घेतो. पाणी भोकाभोकांतून खाली झिरपतं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली काळा कातळ. तिथे पाण्याची खाली जायची वाट बंद होते. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून, जिथे तो थर उघडा पडला असेल, तिथून बाहेर येतं. बायने त्याच सांध्यावर बोट ठेवलं आहे. वर लाल, खाली काळं, आणि मधून करंगळीएवढी धार. तो झरा.

(दृश्य: आर्थर सीट. खाली सावित्रीचं खोरं, धुक्यात.)

इथे उभं राहिलं की पोटात गोळा येतो. पहिल्या दहा-बारा किलोमीटरांतच नदी हजार मीटरहून जास्त खाली उतरते. पुस्तकात याला नदीचा वरचा टप्पा म्हणतात. या टप्प्यात नदी रुंद होत नाही, खोल होते. सगळा जोर तळ खोदण्यात जातो, म्हणून दरी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. आणि ती नुसती खालीच खोदत नाही, मागेही खाते. कड्याचा पाया पोखरला की वरचा दगड ढासळतो, कडा थोडा पूर्वेला सरकतो. म्हणजे सावित्री हळूहळू कृष्णेच्या घराकडे चालली आहे. माणसाच्या आयुष्यात ते दिसायचं नाही, पण हा कडा आहे तो त्याच कामाने.

कड्यावरून आम्ही उतरलो नाही. घाटाने फिरून पायथ्याच्या गावांकडून नदीच्या पात्रात गेलो. जानेवारीत पात्रात पाणी थोडं, धोंडे फार. काही धोंडे आमच्या गावच्या रिक्षाएवढे. बायने विचारलं, हे कुणी आणले? तिच्या आईने जुलैतला पूर पाहिलेला आहे. ती म्हणाली, "याच पाण्याने." बायने पायाशी बघितलं, घोटाभर पाणी होतं. नदीचं बहुतेक सगळं काम वर्षातल्या मोजक्या दिवसांत होतं, आणि ते दिवस पावसाळ्यातले. आपण सुट्टीत येतो तेव्हा नदी विश्रांती घेत असते.

कातळात रांजणखळगे होते. भोवऱ्यात अडकलेला गोटा गरगर फिरतो आणि दगडात रांजण कोरतो. एकात हात घातला तर तळाला गुळगुळीत गोटा सापडला. बायने तो पिशवीत टाकला.

(दृश्य: पोलादपूरच्या पुढे, महामार्गावरचा पूल. पात्र रुंद झालं आहे.)

पोलादपूरच्या पुढे नदीची चाल बदलते. उतार कमी झाला, मुलूख पसरट झाला. आता तळ खोदायला तेवढा जोर नाही, म्हणून नदी बाजूला वळते. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा वेग जास्त, तिथे काठ कापला जातो. आतल्या काठावर वेग कमी, तिथे गोटे आणि वाळू साठते. बायने बाहेरच्या काठावरून पाण्यात काठी घातली, ती बुडाली. पलीकडच्या आतल्या काठावर मात्र ती घोट्याएवढ्या पाण्यात चालत गेली. हा मधला टप्पा. पिशवीत आता मुठीएवढे गोल गोटे आले.

पण संथ दिसते म्हणून नदीला इथे गरीब समजू नये. महाड आणि पोलादपूरच्या मधला जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर वाहनं त्या अंधारात पाण्यात गेली. काही मृतदेह पुढे थेट समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. नव्या पुलावरून आमची गाडी जाताना बायची आई गप्प झाली. मीही इथे निवेदन थांबवतो.

(दृश्य: पूल मागे पडतो. नदीचा आवाज.)

(दृश्य: गांधारपाले लेण्यांवरून खाली दिसणारा महाडचा सपाट प्रदेश.)

बौद्ध भिक्खूंसाठी ही लेणी कोरली गेली ती व्यापारी मार्गावर. महाड तेव्हा बंदर होतं. समुद्रापासून इतक्या आत बंदर कसं, याचं उत्तर आमच्या झावळीपाशी आहे. भरतीचं पाणी गलबतांना इथवर उचलून आणत असे.

इथून पाहिलं की महाडचं दुखणंही कळतं. डोंगरातून सावित्री येते, रायगडाच्या बाजूने गांधारी आणि काळ नद्या येतात. सगळं पाणी एका सपाट ताटात उतरतं, आणि ताटाला उतार नावापुरता. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाण. वरून लोंढा, खालून उधाणाची भरती. पाण्याने जायचं कुठे? ते महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पात्रात गाळाची बेटं वाढली की अडथळा आणखी वाढतो, म्हणून महाडकर गाळ काढण्यासाठी इतके आग्रही असतात. ते घरं धुऊन काढून थकलेली माणसं आहेत.

(दृश्य: दासगाव. स्वयंपाकघराचा ओटा, काचेचे दोन ग्लास.)

दासगावला परत येईपर्यंत नदीने गोटे खाली टाकले होते, वाळूही. उरला होता तो बारीक गाळ. बायने नदीचं गढूळ पाणी दोन ग्लासांत घेतलं आणि एकात चमचाभर मीठ ढवळलं. दुपारी बघतो तर मिठाचा ग्लास वरून निवळू लागलेला, दुसरा तसाच गढूळ.

गाळाचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. खारट पाण्यात ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात. खाडीतला गुडघाभर चिखल असा तयार होतो. त्याच चिखलात तिवरं आणि कांदळ रुजतात, त्यांच्या मुळांत कोलंबी वाढते, आणि आजोबांचा जिताडा मासा तिच्या मागावर येतो.

(दृश्य: आंबेत-म्हाप्रळचा पूल, मग रुंद खाडी. दोन्ही बाजूंना डोंगर.)

बायने परीक्षेत नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश काढला होता. कृष्णेचं चित्र म्हणून ते बरोबर आहे. सावित्रीला त्रिभुज प्रदेश नाही. ती छोटी, तिचा गाळ थोडा, आणि समुद्राची भरती-ओहोटी तो एका जागी राहू देत नाही. शिवाय हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली होता. सावित्रीची दरी तेव्हा आणखी पुढे जात असणार. बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि दरीत शिरला. आपण जिला बाणकोटची खाडी म्हणतो ती बुडालेली दरी आहे. म्हणून तर दोन्हीकडे डोंगर थेट पाण्यात उतरतात.

(दृश्य: बागमांडल्याची फेरीबोट. समोर बाणकोटचा किल्ला, उजवीकडे समुद्र.)

सावित्री इथे संपते. पलीकडे बाणकोट, अलीकडे काही अंतरावर हरिहरेश्वर. बाय पाण्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे बघत होती. धक्क्याच्या खांबावर तिने पाण्याच्या रेषेशी खडूची खूण केली होती. पाणी खाली जात होतं, मग थबकलं, आणि थोड्या वेळाने खूण भिजली. भरती लागली होती.

तिने आजोबांना फोन लावला.

"आजा, तिकडं भरती लागली काय?"

"नाय गो, अजून सुकतीच हाय."

म्हणजे इथे समुद्र आत निघाला होता आणि दासगावला नदी अजून समुद्राकडेच चालली होती. मधे कुठेतरी, खाडीत, ती दोघं एकमेकांसमोर येत होती. बायने वहीत वेळ लिहिली. आम्ही चहा घेतला. दोन फेऱ्या गेल्या. तास उलटून गेल्यावर फोन वाजला.

"लागली गो बाय. झावळी परतली."