जुलैची फी आणि दहा वेळा येणारं व्याज

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीला माझा मामेभाऊ आहे. त्याचा फोन आला तेव्हा मुलगा आठवीत होता, पण भावाचा हिशोब बारावीच्या पुढचा चालला होता. "ताई, पाच वर्षांनी जुलैत त्याच्या प्रवेशाचे पैसे लागणार. आज दहा लाख बाजूला आहेत. सरकारी रोखा घेऊन मुदतीपर्यंत ठेवू, की तो टार्गेट मॅच्युरिटी फंड म्हणतात तो घेऊ? दोन्ही तेवढेच टक्के दाखवतायत." हा 'तेवढेच टक्के' प्रकार मला खटकला. तेव्हा आम्ही दोघांनी वही काढून मांडलेला हिशोबच आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी दोन्ही वस्तू काय आहेत ते बघू. सरकारी रोखा म्हणजे आपण सरकारला ठरावीक मुदतीसाठी दिलेलं कर्ज, आणि त्याच्या नावातच निम्मी माहिती असते. पडद्यावर `7.38% GS 2027` असं दिसलं, तर शंभर रुपयांच्या दर्शनी किमतीवर वर्षाला 7.38 रुपये व्याज आणि 2027 साली मुद्दल परत. या रोख्याची मुदत 20 जूनला संपते, म्हणून व्याजही दरवर्षी 20 जून आणि 20 डिसेंबरला, अर्धं अर्धं मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून दहा हजारांपासून असा रोखा घेता येतो. ही सोय नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली. व्याज जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतं, टीडीएस कापला जात नाही.

टार्गेट मॅच्युरिटी फंड म्हणजे ठरावीक वर्षी संपणाऱ्या रोख्यांची टोपली. डिसेंबर 2019 मध्ये भारत बाँड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड, आला आणि आपल्याकडे हा प्रकार लोकांना कळला. त्याच्या पहिल्या दोन मुदती होत्या एप्रिल 2023 आणि एप्रिल 2030. त्यात सरकारी कंपन्यांचे उच्च दर्जाचे रोखे होते. नंतर आलेल्या फंडांमध्ये केंद्र सरकारचे आणि राज्यांचे रोखेही आले. फंड आपल्या मुदतीच्या आसपास संपणारे रोखेच घेतो, ते शेवटपर्यंत ठेवतो आणि ठरलेल्या महिन्यात पैसे परत देऊन योजना बंद करतो.

मग फरक कुठे? व्याजात. रोख्याचं व्याज तुमच्या हातात येतं. फंडाला मिळालेलं व्याज फंडातच राहतं आणि त्याच मुदतीचे आणखी रोखे घ्यायला जातं. ऐकायला बारीक वाटतं, पण पाच वर्षांत हाच फरक सगळ्यात जास्त भरतो.

हिशोबाच्या सोयीसाठी रोख्याचा दर सात टक्के धरू आणि भाव शंभरला शंभर. दहा लाखांवर दर सहा महिन्यांनी 35 हजार, म्हणजे पाच वर्षांत दहा हप्ते. रोख्याच्या भावाशेजारी 'मुदतीपर्यंतचा परतावा सात टक्के' असं लिहिलेलं असतं, त्यामागे एक गृहीतक आहे. हे दहाही हप्ते आले त्या दिवशी पुन्हा सात टक्क्यांनीच गुंतले, तरच तो आकडा खरा ठरतो. तसं झालं, तर कर सोडून पाच वर्षांनी 14 लाख 10 हजार जमतात. तेच हप्ते अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात पडून राहिले, तर जमतात 13 लाख 70 हजार. 40 हजार कमी, आणि त्यात कोणी फसवलेलं नाही.

आणि बचत खात्यात तरी ते राहतात का? जूनमध्ये 35 हजार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि नेमका त्याच महिन्यात फ्रीज बिघडलेला असतो. पाच वर्षांनी मुद्दलाचे दहा लाख मात्र बरोबर येतात आणि आपण म्हणतो, रोख्याने तर काही दिलंच नाही!

आता यात कर घालू. भाऊ तीस टक्क्यांच्या पायरीवर आहे, उपकरासह 31.2 टक्के. रोख्याच्या व्याजावर तो दरवर्षी कर भरणार. म्हणजे 35 हजारांतले 24 हजार 80 रुपये उरतात. ते त्याने सहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकत राहायचं ठरवलं आणि त्या ठेवीच्या व्याजावरही कर भरला, तर शेवटी हातात येतात सुमारे 12 लाख 64 हजार. नुसत्या बचत खात्यात ठेवले तर साडेबारा लाख.

फंडाचं गणित असं. रोखे तेच, पण व्याज आत फिरतं म्हणून वर्षाचा परतावा सातपेक्षा थोडा वर जातो. त्यातून डायरेक्ट प्लॅनचा, म्हणजे मध्यस्थाशिवाय घेतलेल्या फंडाचा, 0.2 टक्के खर्च वजा करून 6.9 टक्के धरला. पाच वर्षांनी होतात 13 लाख 96 हजार. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडांना, म्हणजे अशा रोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडांना, महागाईच्या निर्देशांकाची सवलत राहिली नाही. कितीही वर्षं ठेवा, नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्याच पायरीने कर लागतो. म्हणजे 3 लाख 96 हजारांवर सुमारे 1 लाख 24 हजार कर. उरले 12 लाख 72 हजार.

म्हणजे फंड पुढे, पण शिस्तीने ठेव करणाऱ्यापेक्षा फक्त आठ हजारांनी, आणि बचत खातेवाल्यापेक्षा बावीस हजारांनी. हा फायदा आला कुठून? करातून सुटका झाली म्हणून नाही, तर कर शेवटी एकदाच भरावा लागला म्हणून. मधली पाच वर्षं सरकारच्या वाट्याची रक्कमही आपल्यासाठी व्याज कमावत राहिली.

आता हेच गणित रेग्युलर प्लॅनने करून पाहा. मध्यस्थाचं कमिशन धरून खर्च अर्धा टक्का झाला, तर परतावा 6.6 टक्क्यांवर येतो आणि कर भरून हातात 12 लाख 59 हजार राहतात. म्हणजे ठेव करणारा रोखेवाला पुढे गेला! टक्क्याच्या तीनदशांशाने निकाल फिरला. म्हणून भावाला मी म्हटलं, परताव्याचा आकडा नंतर बघ, आधी योजनेच्या पानावर खर्चाचं प्रमाण बघ.

फंडाचे टक्केसुद्धा हमीचे नसतात हे ध्यानात ठेवा. फंडालाही व्याज चालू दरानेच गुंतवावं लागतं. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो रेपो दर मे 2020 मध्ये चार टक्क्यांवर आला. त्या काळात हाती आलेलं व्याज कोणालाच, फंडाला काय आणि आपल्याला काय, जुन्या दराने गुंतवता आलं नाही. फंड इतकंच करतो की ते पैसे बचत खात्यात न लोळवता रोख्यांच्या बाजारात लावतो.

आता दुसरी धास्ती. भावाने विचारलं, "पण फंड खाली जातो ना?" जातो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा दर वाढले, नवे रोखे जास्त व्याज देऊ लागले आणि जुन्या रोख्यांचे भाव पडले. लांब मुदतीच्या फंडांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तीही पडली. पाच वर्षं बाकी असलेल्या फंडात बाजाराचे दर एक टक्का वाढले, तर एनएव्ही साधारण चार टक्के उतरते. एकच वर्ष बाकी असेल, तर तेवढ्याच वाढीने एक टक्काही उतरत नाही. मुदत जवळ येईल तसा हेलकावा आपोआप कमी होतो. साध्या डेट फंडात असं होत नाही, कारण तो जुने रोखे विकून नवे लांबचे घेत राहतो.

गंमत अशी की रोख्याचा भावही तितकाच पडतो. फक्त फंडाची एनएव्ही रोज मोबाइलवर दिसते आणि रोख्याचा भाव बघायला कोणी जात नाही. न बघितल्याने घट टळत नाही, झोप मात्र टिकते. आणि मधेच पैसे लागले, तर मात्र फंड सोयीचा. फंड हाउसला विनंती केली की काही दिवसांत पैसे येतात. थोडे रोखे विकायचे असतील, तर घेणारा शोधावा लागतो आणि तो भाव पाडून मागतो.

तारखेचा घोळ सर्वांत जास्त होतो. भावाला पैसे जुलैत हवेत. फंडाच्या नावात बहुधा एप्रिल किंवा जून असतो. एप्रिलमध्ये संपणारा चालेल, कारण मधले तीन महिने पैसे अगदी कमी मुदतीच्या लिक्विड फंडात किंवा ठेवीत राहतील. पण त्याने पुढच्या वर्षीच्या एप्रिलचा फंड निवडला असता, तर जुलैत नऊ महिने आधी बाहेर पडावं लागलं असतं, आणि त्या दिवशी भाव काय असेल ते नशिबावर. गरजेच्या तारखेच्या अलीकडे संपणारा घ्या, पलीकडे संपणारा नको. रोख्यातही हेच. आणि गरज वर्षाच्या आतली असेल, तर हा सगळा खटाटोपच नको. 91, 182 किंवा 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलात मधलं व्याज नसतंच. कमी भावात घ्यायचं, मुदतीला पूर्ण रक्कम घ्यायची.

एक बारीक गोष्ट रोखे घेणाऱ्यांसाठी. काही जुन्या रोख्यांवर व्याज कमी असतं, उदाहरणार्थ `6.10% GS 2031`. बाजाराचा दर त्याहून जास्त असताना असा रोखा शंभराच्या खाली मिळतो. मग वर्षाकाठी हातात येणारं व्याज कमी, म्हणजे परत गुंतवायची कटकटही कमी. आणि मुदतीला शंभर झाल्यावर मधल्या फरकावर पायरीचा कर नाही. बारा महिन्यांहून जास्त ठेवल्यास सूचीबद्ध रोख्याच्या दीर्घकालीन नफ्याचा साडेबारा टक्के लागतो. वरच्या पायरीवरच्या माणसाला ही जमेची बाजू आहे. भाव शंभराच्या पुढे गेला असेल, तर मात्र हा मुद्दा उरत नाही.

मग कोणी काय घ्यावं? पेन्शनवरच्या माणसाला व्याज खर्चालाच हवं असतं, त्याने रोखा घ्यावा. त्याला परत गुंतवायचंच नाही. जो पाच वर्षांनी निवृत्त झालेला असेल आणि त्या वर्षी ज्याची पायरी खाली येणार आहे, त्याच्यासाठी फंड जास्त बरा, कारण सगळा कर तेव्हाच्या पायरीने लागेल. उलट ज्याचा पगार चढत जाणार आहे, त्याला एकाच वर्षी चार लाखांचा नफा वरच्या पायरीत टोचू शकतो.

भावाने शेवटी पाच लाख डायरेक्ट प्लॅनमध्ये आणि पाच लाख रोख्यात असं केलं. अर्ध्या रकमेची तारीख आणि मुद्दल पक्की हवी होती त्याला. रोख्याच्या व्याजाचा हप्ता आला की दुसऱ्या दिवशी तो ठेवीत वळवायचा, असं त्याने वहिनींच्या मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवलंय. स्वतःच्या मोबाइलवर नाही. त्याचा स्वतःवर विश्वास नाही म्हणाला!