फळी फिरते तेव्हा

(पुण्यातलं एक घर. जेवणाचं टेबल. कॅमेरा हळूहळू टेबलाच्या पृष्ठभागाजवळ जातो.)

ही भेग एप्रिलमध्ये पडली.

टेबल सागवानी आहे, पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद. सहा-सहा इंचांच्या सहा फळ्या शेजारी शेजारी चिकटवून वरचा तक्ता केला आहे. खाली लोखंडी अँगलची चौकट आहे, आणि तक्ता तिला चारही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेला आहे. ऑक्टोबरमध्ये टेबल घरी आलं तेव्हा त्यावर हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. आता तक्ता दोन ठिकाणी उलला आहे. एका भेगेत करंगळीचं टोक जातं. आणि मधल्या एका फळीची तर पन्हळ झाली आहे. भांड्यातून पाणी सांडलं की ते कडेला न जाता फळीच्या मधोमध जमतं.

घरच्यांना वाटलं, सागवान म्हणून दुसरंच काहीतरी गळ्यात मारलं. सुताराने दोष गोंदाला दिला. पण भेग जवळून पाहा. ही दुसरी भेग सांध्यात पडलेलीच नाही. ती सांध्यापासून बोटभर अंतरावर, अख्ख्या लाकडात पडली आहे. गोंदाने पकड सोडलेली नाही, लाकूड स्वतः फाटलं आहे. आणि लाकूड अस्सल सागवानच आहे. चुकलं ते वेगळंच.

(कोकणातली एक वखार. जुलै. पत्र्यावर पाऊस. करवतीखालून फळी सुटते.)

या फळ्या जुलैमध्ये, कोकणातल्या अशा एका वखारीत चिरल्या गेल्या. नुकत्या चिरलेल्या फळीला तळहात लावला तर ती गार लागते. भुसा हवेत उडत नाही, मुठीत दाबला तर त्याचा गोळा होतो. हे पाणी पावसाचं नाही. झाड उभं असताना जे पाणी मुळांतून वर चढत होतं, तेच.

हे पाणी किती, ते मोजायची पद्धत साधी आहे. फळीच्या टोकापासून फूट-दीड फूट सोडून एक तुकडा कापायचा, कारण टोकं आधी सुकतात आणि तिथलं माप फसवतं. तुकडा लगेच तोलायचा. समजा तो ४१२ ग्रॅम भरला. मग तो १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवायचा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलत राहायचं. शेवटी तो २९० ग्रॅमवर स्थिरावला, तर गेलेलं पाणी १२२ ग्रॅम. १२२ भागिले २९०, म्हणजे ४२ टक्के. भागाकार कोरड्या वजनाने करायचा, ओल्या नाही. म्हणूनच काही हलक्या लाकडांत ओलावा शंभर टक्क्यांच्याही वर निघतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की सांगणाऱ्याची आकडेमोड चुकली.

(सागवानाचा आडवा काप, भिंगाखाली. उघडी नळ्यांची तोंडं.)

लाकडात पाणी दोन जागी असतं. भिंगाखाली ही जी भोकं दिसतात, त्या उभ्या नळ्या आहेत. नळीच्या पोकळीत भरलेलं पाणी बाटलीतल्या पाण्यासारखं. ते निघून गेलं तर बाटली हलकी होते, लहान होत नाही. दुसरं पाणी नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं असतं. ते निघायला लागलं की भिंती आकसतात, आणि भिंती आकसल्या की फळी आकसते.

पहिलं पाणी संपून दुसरं निघायला लागतं तो टप्पा बहुतेक लाकडांत तीस टक्क्यांच्या आसपास येतो. त्यामुळे ४२ वरून ३० वर येईपर्यंत फळी फक्त वजनाने उतरते, मापात फरक पडत नाही. आणि इथेच सुतार फसतो. महिनाभर ठेवलेली फळी उचलायला हलकी लागते, सरळही दिसते, म्हणून ती वाळली असं वाटतं. तिचा खरा खेळ तर त्यानंतर सुरू होणार असतो.

(पुन्हा टेबल. फळीचं तोंड, वलयांच्या कमानी.)

आता आकसणं. लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही, पाच फुटांत मोजायला जावं इतकंही नाही. रुंदीत मात्र आकसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. सागवान पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या कडेकडेने सुमारे पावणेसहा टक्के आकसतं, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत अडीच टक्के. एकाच लाकडात एक दिशा दुसरीच्या दुपटीहून जास्त आकसते.

पन्हळ इथूनच होते. त्या वाकलेल्या फळीचं तोंड पाहा. वलयांच्या कमानी डोंगरासारख्या वर आलेल्या दिसतात, म्हणजे झाडाच्या सालीकडची बाजू वर आहे. या वरच्या अंगाला वलयं जवळपास फळीच्या रुंदीला धरून जातात, म्हणून तिथे रुंदी जास्त आकसते. खालच्या अंगाला, गाभ्याच्या जवळ, ती तिरपी होतात, तिथे कमी आकसते. वरची बाजू आवळली गेली की कडा वर उचलल्या जातात. जुने सुतार म्हणतात, कमान सरळ व्हायला बघते. शास्त्रात बसवायला गेलं तर हे वाक्य थोडं ढिलं आहे, पण फळी कुठल्या बाजूला वळेल हे त्यावरून कधी चुकत नाही.

पिळाची गोष्ट निराळी. काही झाडांच्या नसाच बुंध्याभोवती किंचित वळत वर जातात. अशा झाडाची फळी सुकताना चार कोपऱ्यांपैकी एक उचलते, आणि सपाट जमिनीवर ठेवून दाबली की डुगडुगते. ती कितीही नीट वाळवली तरी थोडी पिळतेच.

(कागद-पेन्सिल. सुताराच्या हातात फूटपट्टी.)

तुटलेल्या टेबलाचा हिशोब करू या. फळ्या जुलैमध्ये चिरल्या, सप्टेंबरमध्ये टेबल झालं. मधले दोन महिने भर पावसाचे. त्या हवेत पातळ फळीदेखील सतरा-अठरा टक्क्यांच्या खाली उतरत नाही, आणि या तर दीड इंच जाड होत्या. तक्ता चिकटवताना सरासरी वीस टक्के ओलावा होता असं धरू. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत, बंद खोलीत, लाकूड आठ टक्क्यांपर्यंत येतं. फरक बारा टक्क्यांचा.

पावणेसहा टक्के आकसणं तीस टक्के ओलाव्यावर वाटलं, तर ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदी ०.१९ टक्के कमी होते. बाराने गुणलं की सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर. तक्ता छत्तीस इंचांचा, म्हणजे पाऊण इंचाहून जास्त, सुतारी भाषेत जवळपास सात सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळ्या फळ्या उभ्या नसेच्या, म्हणजे गाभ्यापासून सालीकडच्या दिशेत रुंदी येईल अशा चिरलेल्या असत्या तर हेच आकसणं तीन सुतांवर आलं असतं. इथे दोन्ही प्रकारच्या फळ्या मिसळलेल्या आहेत. भेगा मोजल्या तर एक तीन सुतांची, दुसरी दोन. बेरीज पाच. हिशोब जुळतो.

तक्ता मोकळा असता तर तो गुपचूप पाच सूत अरुंद झाला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण लोखंडी चौकट आकसत नाही. दोन्ही कडा स्क्रूंनी धरून ठेवल्या, आणि आतल्या लाकडाला फाटण्याखेरीज वाट उरली नाही.

(ओलावा मोजायचं यंत्र. दोन सुया फळीत घुसतात.)

सुतार म्हणतो, मी मीटर लावून पाहिला होता, अठरा दाखवलं होतं. खोटं नाही. पण सुईचा मीटर सुया जिथवर गेल्या तिथलंच सांगतो. फळी वरून सुकते, पोट ओलं राहतं. हीच फळी मधोमध कापून ताज्या तोंडावर सुया टोचल्या की आकडा बदलतो. शिवाय मीटरवर लाकडाची जात निवडायची असते, ते बहुतेकजण विसरतात.

(थप्पी लावण्याचं काम. शेडमध्ये वारा.)

मग फळ्या मुरवायच्या कशा? जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ओटा. त्यावर फळ्यांचा थर, वर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, पुन्हा फळ्या. पट्ट्या दोन-दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकावर एक, एका ओळंब्यात. हे ओळंब्याचं महत्त्व सांगूनही पटत नाही. पट्टी चार बोटं सरकली तर वरचा भार मधल्या पोकळीवर येतो आणि फळी तिथेच कायमचा बाक घेते. म्हणजे वाळवताना आपणच ती वाकवतो. वर सिमेंटचे ठोकळे ठेवायचे. उन्हात नाही, सावलीत, वारा आरपार जाईल असं.

फळ्यांच्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावायचा. नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात, त्यामुळे पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने तिथून जातं आणि टोकं आधी उलतात.

एक इंच जाडीला एक वर्ष, हा ठोकताळा थंड देशांतला आहे. आपल्याकडच्या कोरड्या महिन्यांत इंची फळी काही महिन्यांत हवेशी जुळते. पण कोकणात ती कोकणच्या हवेशी जुळते. दहा वर्षं पडलेलं लाकूडही तिथे पावसाळ्यात आठ टक्क्यांवर येत नाही. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलं लाकूड, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. त्याखाली उतरायचं तर भट्टी लागते. भट्टीत उष्णतेबरोबर वाफही सोडतात, नाहीतर वरचा थर आधी कडक होतो, आतलं लाकूड मागाहून आकसतं आणि ताण आतच अडकतो. अशी फळी ओळखायची तर तिच्या आडव्या कापातून चिमट्यासारखे दोन दात कापायचे. दात आपोआप आत वळले, तर ताण शिल्लक आहे. ती फळी उभी चिरली की करवतीचं पातं चिमटून धरते.

(पुण्यातलं घर. मे. खोलीत भिंतीशी नव्या फळ्यांची लहान थप्पी.)

नव्या फळ्या भट्टीतल्या आहेत, आणि तरी तीन आठवडे याच खोलीत पट्ट्यांवर ठेवल्या आहेत. काल एक कापून पाहिली. वर नऊ, पोटात साडेनऊ.

चौकट जुनीच वापरणार. पण स्क्रूची गोल भोकं सुताराने कानशीने घासून लांबट केली आहेत, फळ्यांच्या रुंदीच्या दिशेने. मधल्या ओळीचे स्क्रू तेवढे घट्ट, कडेचे वॉशर लावून, अर्धा फेरा ढिले. आणि कडेच्या भोकांत स्क्रू आतल्या टोकाला टेकवून बसवतोय, मधोमध नाही.

कारण मे महिना आहे. जूनमध्ये तक्ता बाहेरच्या बाजूलाच सरकणार.