पाणी उतरलं की पीट हवेत जातं

[दृश्य: बर्चची दाट झाडी. झाडांमधून दिसणारा लोखंडी खांब.]

इंग्लंडच्या पूर्वेला, केंब्रिजशरमध्ये, होम फेन नावाची जागा आहे. एकेकाळी ही दलदल होती. आज तिथं बर्चची झाडी आहे आणि त्या झाडीत लोखंडाचा एक खांब उभा आहे, साधारण चार मीटर उंच. 1851 साली तो पुरला तेव्हा त्याचं टोक जमिनीच्या बरोबरीला होतं. खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर त्याचा पाया आहे, त्यामुळे तो जागचा हललेला नाही. भोवतालची जमीनच चार मीटर खाली गेली आहे.

त्याच वर्षी शेजारचं व्हिटलसी मीअर हे मोठं तळं पंप लावून उपसलं गेलं. तळाशी सुपीक जमीन मिळणार होती. पाणी काढलं की अशी जमीन बसते, हे तिथल्या जमीनमालकांना माहीत होतं. किती बसते ते मोजायला हा खांब पुरला. पहिल्या दहा वर्षांतच जवळपास दीड मीटर उघडा पडला.

[दृश्य: दलदलीतून काढलेला पीटचा लांब नमुना. तपकिरी, ओला, धागेदार.]

ही जमीन म्हणजे पीट. हातात घेतली तर त्यात शेवाळाच्या काड्या, लव्हाळ्याची मुळं अजून ओळखू येतात. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या या वनस्पती पूर्ण कुजल्याच नाहीत, कारण त्या सतत पाण्यात बुडालेल्या होत्या. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. वरच्या थरातले सूक्ष्मजीव आहे तेवढा ऑक्सिजन संपवतात आणि त्याखाली कुजण्याचं काम रेंगाळतं. दर वर्षी थोडं नवं शेवाळ मरतं, त्यातलं थोडं शिल्लक राहतं. पीटचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. एका हेक्टरवर साठणारा कार्बन टनाच्या पाव हिश्श्याच्या आसपास.

वेग अगदी कमी, पण काळ प्रचंड. पृथ्वीच्या जमिनीपैकी फक्त 3 टक्के भागावर पीट आहे, तरी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांमध्ये आहे त्याहून जास्त कार्बन त्यात साठलेला आहे. या साठ्याला राखण फक्त पाण्याची. ते हललं की काय होतं, ते होम फेनला पाहता येतं.

चर खणले, पाणी उतरलं, तेव्हा आधी घडलं ते निव्वळ भौतिक होतं. ओल्या पीटमध्ये दहातले नऊ भाग पाणीच असतं. ते गेल्यावर आतला आधार गेला, वरच्या थराचं वजन खालच्यावर आलं आणि सगळं दबलं. सुरुवातीच्या वर्षांत जमीन खाली गेली ती बरीचशी यामुळे. जमीन जेवढी खाली गेली तेवढा कार्बन हवेत गेला असं समजणं चूक ठरेल. तो तिथंच, दाट होऊन बसला.

पण पाणी उतरलं तेवढ्या जाडीत हवाही शिरली. हजारो वर्षं थांबलेलं कुजणं आता जोमात सुरू झालं. सूक्ष्मजीवांनी शेवाळाचे धागे फोडले आणि त्यांतला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडू लागला. दबणं काही वर्षांनी मंदावतं. कुजणं मात्र हवा पोचेल तिथं पीट शिल्लक असेपर्यंत चालूच राहतं.

मग जमीन दबली की कुजली, हे ओळखायचं कसं? पीटचा नमुना काढतात, वाळवतात आणि भट्टीत जाळून उरलेली राख तोलतात. राख म्हणजे पीटमधली खनिजं, आणि ती कुजत नाहीत. जमीन नुसती दबली असेल, तर थर दाट होतो पण त्यातलं राखेचं प्रमाण तेवढंच राहतं. कुजून गेली असेल, तर वरच्या थरात राखेचं प्रमाण वाढलेलं दिसतं. खाली अजून पाण्यात असलेल्या थराशी तुलना केली की किती पीट नाहीसं झालं याचा हिशेब लागतो.

[दृश्य: काळीभोर नांगरलेली शेतं. कडेला पाण्यानं भरलेला चर, त्याच्या टोकाला पंपघर.]

आता एक सेंटिमीटरचं गणित करू. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे शंभर घनमीटर पीट. एका घनमीटरमध्ये कोरडा माल दीडशे किलो धरू, म्हणजे एकूण पंधरा टन. त्यातला साधारण निम्मा कार्बन, साडेसात टन. हा थर पूर्ण कुजला तर हेक्टरमागे सुमारे सत्तावीस टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळानं 2013 साली थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या निचरा केलेल्या पीटवरच्या शेतीसाठी दिलेला आकडा याच्या अगदी जवळ आहे, हेक्टरी वर्षाला 7.9 टन कार्बन. साठायला तीस वर्षं लागली, ते एका वर्षात जातं. शिवाय नायट्रस ऑक्साइडही निघतो, तो वेगळाच.

यात एक चक्र आहे आणि मला तेच सगळ्यांत घातक वाटतं. जमीन कुजून खाली गेली की पिकाची मुळं पुन्हा पाण्याजवळ येतात. शेत ओलं राहू लागतं. मग चर आणखी खोल करावे लागतात, पंप आणखी खालून पाणी उपसतो आणि हवा पुढच्या थरात शिरते. या भागात आधी पवनचक्क्या पाणी उपसत होत्या, मग वाफेचे पंप आले, मग डिझेलचे. आज नद्या शेतांपेक्षा उंचावरून, बांधांच्या मधून वाहतात. होम फेनची जमीन समुद्रसपाटीच्याही खाली गेली आहे.

झाडी वाढली म्हणून साठा भरून निघाला, असं होत नाही. बर्च तिथं उगवले ते जमीन कोरडी झाली म्हणून. शिवाय झाडं मुळांनी पाणी ओढून पीट आणखी सुकवतात.

[दृश्य: चर बुजवण्याचं काम. मागे पसरलेलं उथळ पाणी.]

गळती थांबवायला चर बुजवून पाणी परत वर आणावं लागतं. इथं मिथेनची शंका येते आणि ती योग्य आहे. बुडालेल्या पीटमध्ये ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. पण तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं राहतो, आणि कोरडं पीट दर वर्षी त्यात भर घालतं. त्यामुळे आज पाणी वर आणलं तर मिथेन धरूनही शेवटी तापमानवाढ कमी होते.

किती वर आणायचं, याचं उत्तर 2021 साली बरंच स्पष्ट झालं. अनेक ठिकाणची मोजमापं एकत्र करून शास्त्रज्ञांना दिसलं, की पाणी दर दहा सेंटिमीटरनं वर आणलं की हेक्टरी वर्षाला निदान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी होतं. पृष्ठभागाखाली तीस सेंटिमीटरपर्यंत हा हिशेब सरळ चालतो. त्याहून वर, दहा सेंटिमीटरपर्यंत, फायदा चालू राहतो. पाणी अगदी पृष्ठभागाला टेकलं की मिथेन वाढू लागतो.

म्हणजे सगळं शेत तळं करावं लागत नाही. पाणी नव्वद सेंटिमीटर खोल असलेल्या शेतात ते पन्नासपर्यंत आणलं, तरी बारा टन वाचतात, आणि त्या खोलीवर अनेक भाज्या अजून उगवतात. त्याहून वर मात्र पीकच बदलावं लागतं. पाणकणीस, बोरू, स्फॅग्नम शेवाळ यांची लागवड युरोपात अशा ओल्या जमिनीवर करून पाहिली जात आहे. पाणकणसापासून इमारतींसाठी उष्णतारोधक पट्ट्या होतात, बोरू छपरांना लागतो. बटाटा किंवा गाजराएवढा पैसा अजून त्यात नाही, म्हणून शेतकऱ्यानं पाणी वर आणल्याचा मोबदला कोणी आणि किती द्यायचा, याची बोलणी सध्या सुरू आहेत.