काळ्या टी-शर्टवरचे ब्लीचचे डाग

नमस्कार मंडळी, आज ब्लीचच्या डागांबद्दल बोलूया, म्हणजे काळ्या कॉटन टी-शर्टवर ब्लीचचे थेंब उडतात आणि तिथे केशरी ठिपके पडतात ना, ते. हे ठिपके घासून जात नाहीत कारण तिथे काही लागलेलंच नसतं, तिथला रंग मेलेला असतो, त्यामुळे तो परत भरावाच लागतो.

पण लगेच ब्रश हातात घेऊ नका हं. धाग्यात ब्लीच उरलेलं असेल तर ते नवा रंगही खाऊन टाकतं. म्हणून आधी टी-शर्ट भरपूर पाण्यात खळबळून घ्या, मग मेडिकलमध्ये मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक वाटी आणि पाणी दहा वाट्या, यात थोडा वेळ भिजवा, पुन्हा खळबळा आणि पूर्ण वाळवा. व्हिनेगर मात्र अजिबात नको, ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीला वाईट. वाळल्यावर ठिपक्याची जागा दोन्ही बाजूंनी हलकेच ताणून बघा, धागे विरायला लागलेत असं दिसलं तर रंग लावून उपयोग नाही, तिथे रफू किंवा ठिगळच लागेल.

आता रंग. थेट काळा लावला तर खालचा केशरी त्यातून डोकावतो आणि जागा तपकिरी दिसते, हे बऱ्याच जणांचं होतं. म्हणून आधी गडद निळ्या फॅब्रिक कलरचा पाणी घालून पातळ केलेला थर द्यायचा, निळा केशरीला मारतो, आणि तो वाळला की वरून काळा. टी-शर्टच्या आत पुठ्ठा घाला नाहीतर रंग पाठीवर उतरेल. बारीक ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन मधून सुरुवात करा आणि कडेच्या जरा अलीकडेच थांबा, कारण ओला रंग कापडात आपोआप पसरतो, कडेपर्यंत नेलात तर ठिपक्याभोवती गडद गोल उमटतो आणि तो मूळ ठिपक्यापेक्षा जास्त नजरेत भरतो. ओला रंग नेहमी गडद दिसतो, तेव्हा शेड जुळली की नाही ते वाळल्यावरच ठरवा, आणि पहिला प्रयोग आतल्या शिवणीवर करा. शेवटी बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबून, उलट बाजूने, वाफेशिवाय इस्त्री फिरवा म्हणजे रंग पक्का होतो.

ठिपके खूप असतील तर एकेक भरत बसू नका, पूर्ण कपडाच काळ्या डायमध्ये बुडवा, पण त्याआधीसुद्धा ठिपक्यांवर निळा हात द्यायचा, तो फॅब्रिक पेंटने नको, कॉटनच्याच निळ्या डायने, कारण पेंटचा थर बसला की त्यातून डाय आत शिरत नाही. आणि शिवण पॉलिएस्टर दोऱ्याची असेल तर ती कॉटनच्या डायने रंगणार नाही, आधी आहे तशीच राहील.