तुरीचे पैसे आज, डाळीचे कधी?

मी घेतलेल्या पहिल्या मुलाखतीत पाहुण्यांना विचारलं होतं, ‘आपल्या यशाचं रहस्य काय?’ त्यांनी आईवडील, गुरुजन, ग्रामदैवत आणि मंचावरचे यच्चयावत मान्यवर यांचे आभार मानले. अकरा मिनिटं गेली. त्यात त्यांचा काय दोष? प्रश्नच सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलायला लावणारा होता. तेव्हापासून मी पाहुण्यांच्या कामातली वस्तू, दिवस नाहीतर वजन विचारतो.

दारव्ह्याकडच्या एका ताईंची मुलाखत सांगतो. त्यांची छोटी दालमिल आहे. दोन दिवस आधी मी मिलवर गेलो. तेल-पाणी लावलेली तूर अंगणात ताडपत्र्यांवर वाळत होती. ती नीट वाळली नाही तर टरफल सुटत नाही आणि डाळीचा चुरा होतो. मी सहज आभाळाकडे पाहिलं, तर ताई म्हणाल्या, “आभाळ आलं का जीव खालवर होते, बाप्पा!” मी तिथंच विषय थांबवला. आधीच्या भेटीत विषय टिपायचे, उत्तरं वसूल करायची नाहीत. नाहीतर मंचावर पाहुणे ‘परवा सांगितलं तसं’ म्हणून दोन वाक्यांत मोकळे होतात.

चाळीस मिनिटांसाठी मी दहा प्रश्न काढले, पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर, एका कार्डावर एकच. साधा कागद माईकपाशी खडखडतो. शिवाय एका दमात दोन प्रश्न विचारले तर पाहुणे शेवटच्याचंच उत्तर देतात आणि आपला चांगला प्रश्न वाया जातो.

पहिलं कार्ड होतं, ‘एक क्विंटल तूर टाकली तर डाळ किती निघते?’ समोर सगळे तूर पिकवणारे. तुरीचा भाव सगळ्यांना तोंडपाठ, पण हे गणित थोड्यांनाच ठाऊक. ताई म्हणाल्या, सत्तर किलोच्या आसपास, माल चांगला असला तर थोडी जास्त. बाकी चुनी आणि टरफल, ते ढोरांच्या खाद्यात जातं. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

आता एका प्रश्नावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या दुव्याचं सांगतो, कारण तिथंच बहुतेकांची गाडी अडते. ‘आता आपण आर्थिक बाजूकडे वळू या’ असं वाक्य लिहून आणलं की ते वाचल्यासारखंच वाटतं. मी कार्डावर दुव्याचा फक्त शेवट लिहितो. सुरुवात कोरी ठेवतो. ती पाहुण्यांच्या शेवटच्या वाक्यातून उचलायची. आभाळाचा विषय निघाल्यावर ताई म्हणाल्या, “मंग ताडपत्र्या वाढवल्या.” मी तिथून उचललं, “ताडपत्र्या वाढल्या म्हणजे मालही वाढला. तो घ्यावा लागतो जानेवारी ते मार्चमध्ये. तुरीचे पैसे केव्हा द्यावे लागतात, आणि डाळीचे केव्हा येतात?” कार्डावर फक्त शेवटचं वाक्य होतं.

हा प्रश्न कोणत्याही दालमिलवाल्याला विचारा, तो सरसावून बसेल. तूर बाजारात येते दोन-तीन महिने, डाळ विकली जाते वर्षभर. शेतकऱ्याला रोख लागते. दुकानदार डाळ घेऊन पैसे महिना-दीड महिना थांबवतो. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात खडखडाट. ताईंनी हे बोटं मोजत सांगितलं.

कर्जाबद्दल मात्र आधी परवानगी घ्या. गावात पहिल्याच रांगेत बँकेचे साहेब, व्यापारी आणि भावकी बसलेली असते. ताई मला म्हणाल्या होत्या, “हप्ते थकले होते हे विचारा. किती, ते नका विचारू.” म्हणून मी विचारलं, “बँकेचा फोन उचलायची भीती वाटावी, असे दिवस आले का?”

ताई गप्प झाल्या. माझा हात पुढच्या कार्डाकडे गेला होता, तो मी कसाबसा आवरला. मंचावरचे चार सेकंद फार लांब असतात. त्या शांततेत आपण बोललो की पाहुण्यांची सुटका होते, आणि उत्तर जातं ते जातंच.

“आले,” ताई म्हणाल्या. “फोन वाजला का सासूबाईच्या हाती द्यायची. त्या सांगत, सून वावरात गेली.” सभागृह हसलं, त्याही हसल्या. मग स्वतःहूनच बोलल्या. त्या वर्षी तूर विकत घेणं कमी केलं आणि लोकांची तूर मजुरीनं भरडून द्यायला लागल्या. माल शेतकऱ्याचा, डाळही त्याचीच, मजुरी त्याच दिवशी हातात. त्यातून हप्ते फिटले.

माझ्याकडे अजून तीन कार्डं होती. तेवढ्यात मागून एका काकांनी हात वर केला, “ताई, क्विंटलमागं मजुरी किती घेता जी?” ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही; थेट काकांशीच बोलायला लागल्या. मी खुर्ची थोडी मागे सरकवली.