गेन वाढवला की सिलिंडर का थरथरतो?

नमस्कार मंडळी. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल, हायड्रॉलिक सर्व्होचं ट्यूनिंग करणाऱ्याला हा अनुभव असतोच. गेन वाढवत गेलं की सिलिंडर आधी चपळ होतो, आणि एका टप्प्यावर एकदम थरथरायला लागतो. मग व्हॉल्व्ह मंद आहे असं ठरवून महागातला वेगवान व्हॉल्व्ह मागवला जातो. माझं म्हणणं, त्याआधी तेलाचं गणित करा.

[फलकाकडे वळून]

लूप साधा आहे. हवी ती जागा आणि सेन्सरनं दाखवलेली जागा यांतला फरक म्हणजे एरर. एररला गेननं गुणलं, तेवढा व्हॉल्व्हमधला सरकता स्पूल उघडतो. स्पूल उघडला की तेल वाहतं आणि पिस्टनला वेग मिळतो. म्हणजे व्हॉल्व्ह जागा देत नाही, वेग देतो, आणि जागा त्यातून साठत जाते. या साठण्यामुळे सिग्नल सुरुवातीलाच ९० अंश मागे पडलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तेल. १०० बार दाबाखाली मिनरल तेल अर्धा-पाऊण टक्का आकसतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पिस्टनच्या दोन्ही बाजूंना कोंडलेलं तेल म्हणजे दोन स्प्रिंगच, आणि आपलं वजन त्यांच्या मधोमध बसलेलं आहे.

समजा शिरोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये ५०० किलोची स्लाइड आहे. सिलिंडर दोन्हीकडे रॉडचा, बोअर ६३, रॉड ४५, स्ट्रोक ३०० मिलिमीटर. पिस्टनचं कामाचं क्षेत्रफळ येतं १५.३ चौरस सेंटिमीटर. पिस्टन मध्यावर असताना प्रत्येक बाजूला सुमारे २२९ घन सेंटिमीटर तेल. बल्क मॉड्युलस, म्हणजे दाबाखाली आकसायला तेल किती विरोध करतं ते, मी १ गिगापास्कल धरतो. शुद्ध तेलाचा याहून जास्त असतो, पण प्रत्यक्षात थोडी हवा मिसळलेली असतेच. खाली k म्हणजे तेलाच्या स्प्रिंगचा कडकपणा, β बल्क मॉड्युलस, A क्षेत्रफळ, V एका बाजूचं तेल आणि m स्लाइडचं वजन.

```
k = 2·β·A²/V
ω = √(k/m)
```

उत्तर येतं साधारण २०० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ३२ हर्ट्झ.

[थोडं थांबून]

या ३२ हर्ट्झला तेलाची स्प्रिंग आणखी ९० अंश मागे खेचते. आधीचे ९० धरून झाले १८०. म्हणजे दुरुस्ती म्हणून जो धक्का द्यायचा, तो बरोबर उलट्या वेळी बसतो. त्यात रेझोनन्समुळे तिथे हालचाल फुगते. तिथे लूपचा गेन १ च्या वर गेला की थरथर सुरू. एररच्या दर मिलिमीटरला सेकंदाला जितके मिलिमीटर वेग मिळतो तो गेन Kv, आणि डॅम्पिंग ζ. हिशेबानं मर्यादा अशी:

```
Kv < 2·ζ·ω
```

डॅम्पिंग ०.१ धरलं, आणि हायड्रॉलिकमध्ये ते बहुधा एवढंच कमी असतं, तर मर्यादा येते ४०. सुरक्षित म्हणून त्याच्या निम्मा ठेवू, २०. सेकंदाला २०० मिलिमीटर वेगानं स्लाइड धावली, तर ती कमांडच्या १० मिलिमीटर मागे राहील.

आता कुणीतरी जागा नाही म्हणून व्हॉल्व्ह दीड मीटर लांब नेला आणि मध्ये १२ मिलिमीटर आतल्या व्यासाचे होज टाकले. प्रत्येक बाजूला १७० घन सेंटिमीटर तेल वाढलं. होज दाबाखाली फुगतो, त्यामुळे बल्क मॉड्युलस निम्मा झाला असं धरा. ३२ हर्ट्झचे झाले १७. गेन २० वरून ११ वर आणावा लागतो आणि मागे राहणं जातं १८ मिलिमीटरवर. इथे कितीही वेगवान व्हॉल्व्ह लावा, फार फरक पडत नाही, कारण वजन आणि तेल तेच आहे.

थरथर याच कारणाची आहे हे कसं ओळखायचं? सेन्सरचा सिग्नल रेकॉर्ड करा आणि हर्ट्झ मोजा. हिशेबातल्या आकड्याच्या आसपास असतील, तर तेलच. दुसरी खूण म्हणजे अशा सिलिंडरमध्ये थरथर स्ट्रोकच्या मध्यावर सगळ्यात जास्त असते आणि टोकाला कमी होते, कारण टोकाला एका बाजूचं तेल थोडं उरतं आणि ती स्प्रिंग कडक होते. त्याउलट स्लाइड एक-दोन हर्ट्झनं संथ मागेपुढे होत असेल, तर सीलचं घर्षण आणि इंटिग्रल गेन तपासा. तो आजार वेगळा.

उपायांत माझा पहिला क्रमांक व्हॉल्व्हच्या जागेचा. मॅनिफोल्ड ब्लॉक करून तो थेट सिलिंडरवर बसवा आणि हवा नीट काढा. बोअर वाढवला तरी फ्रिक्वेन्सी वाढते, पण तेवढ्याच वेगाला तेल जास्त लागतं, पंप मोठा होतो. मशीन आधीच उभं असेल, तर दोन्ही चेंबरमध्ये प्रेशर सेन्सर लावून दाबाच्या फरकाचा फीडबॅक द्या. त्यातला स्थिर भाग हाय-पास फिल्टरनं काढून टाका, नाहीतर लोड बदलला की जागा सरकेल. डॅम्पिंग ०.१ चं ०.२ झालं तरी गेनची मर्यादा दुप्पट होते. आणि फक्त धावताना मागे राहणं एवढीच तक्रार असेल, तर गेनला हात न लावता व्हेलॉसिटी फीडफॉरवर्ड घाला.