जुन्या बेटिंग खात्याची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतर देशातल्या मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले आणि खातेदारांनी आपली शिल्लक काढून घ्यावी, असे कळवले. खेळ थांबला, तरी खाती मात्र लगेच नाहीशी झाली नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी अशी खाती उघडली होती, त्यांचा पॅन क्रमांक, बँकेचा तपशील, मोबाईल क्रमांक आणि ईमेल अजून त्या खात्यांत असू शकतो. काहींची थोडी रक्कमही तिथे अडकलेली असू शकते. आजचे बोलणे या खात्यांच्या सुरक्षिततेविषयी आहे. कायद्याला न जुमानता आजही पैजा घेणारी जी ॲप्स आहेत, त्यांच्याविषयी मी बोलणार नाही, कारण तिथे पैसे बुडवणारा स्वतः चालकच असू शकतो आणि त्यापुढे कोणताही पासवर्ड उपयोगाचा नाही.

अशी खाती कशी लुटली जातात, याचे एक नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे अनेक राज्यांत खेळांवर पैज लावणे कायदेशीर असून, ड्राफ्टकिंग्ज ही त्यातली एक मोठी कंपनी आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिच्या सुमारे 60 हजार खात्यांत परके लोक शिरले आणि त्यांपैकी सुमारे 1,600 खात्यांतून जवळजवळ 6 लाख डॉलर काढले गेले. यासाठी कंपनीची यंत्रणा फोडावी लागली नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी संकेतस्थळांवरून पूर्वी फुटलेल्या ईमेल आणि पासवर्डच्या याद्या चोरांकडे होत्या. त्या जोड्या त्यांनी एका प्रोग्रामच्या साहाय्याने इथे एकामागून एक लावून पाहिल्या आणि ज्यांनी तोच पासवर्ड इथेही ठेवला होता, त्यांची खाती उघडली. पुढची युक्ती अशी होती, की खात्याला पैसे भरण्याचे एक नवे साधन जोडायचे, ते चालू आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यातून 5 डॉलर भरायचे, आणि मग सगळी शिल्लक त्याच साधनावर काढून घ्यायची. काही खातेदारांनी तर असेही सांगितले, की चोरांनी खात्याला दुहेरी पडताळणी स्वतःच लावून टाकली आणि तिच्यासाठी क्रमांक आपला दिला. म्हणजे मालकाने जे दुसरे कुलूप लावायचे टाळले होते, तेच चोराने लावले आणि मालक बाहेर राहिला.

यातून पासवर्डविषयी जे कळते, ते आपल्या नेहमीच्या समजुतीपेक्षा थोडे वेगळे आहे. एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घातले की पासवर्ड भक्कम झाला, असे आपण धरून चालतो आणि गावाच्या नावापुढे `@123` लावून मोकळे होतो. अशा रचना चोरांच्या यादीत आधीपासून असतात. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिले, तर तो पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. मात्र लांबीपेक्षाही महत्त्वाचे हे, की तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. ईमेलचा पासवर्ड तर सर्वांत वेगळा हवा, कारण ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबले की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक बहुतेक वेळा ईमेलवरच जाते, आणि ज्याच्या हाती ईमेल त्याच्या हाती बाकीची सारी खाती. इतके वेगवेगळे पासवर्ड लक्षात ठेवणे शक्य नसेल, तर फोनमधली पासवर्ड जतन करण्याची सोय वापरावी. तिचा आणखी एक मोठा फायदा आहे. त्याकडे मी पुढे येतो.

आता दुसऱ्या कुलपाकडे वळू. दुहेरी पडताळणी म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा मागणे, आणि आपल्याकडे तो बहुधा मेसेजने येणारा ओटीपी असतो. सीमाभागात त्यात एक खास अडचण आहे. कोल्हापूरच्या कारखान्यात किंवा गोव्यात कामाला असताना माणूस तिथले सिम घेतो, त्यावर खाती उघडतो, आणि गावी परतल्यावर त्या क्रमांकाचा रिचार्ज करणे सोडून देतो. बंद पडलेला क्रमांक कंपनी निदान 90 दिवस राखून ठेवते, पण त्यानंतर तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी ज्याला तुम्ही ओळखतही नाही, अशा माणसाच्या फोनवर जातो. म्हणून जुना क्रमांक सोडण्यापूर्वी तो कोणकोणत्या खात्यांना जोडला आहे ते पाहावे आणि प्रत्येक ठिकाणी बदलून घ्यावा. मेसेजच्या ओटीपीला दुसराही धोका आहे: कोणी खोट्या कागदपत्रांवर तुमच्या क्रमांकाचे नवे सिम काढले, तर तुमचे सिम मुके होते. घरातल्या इतरांच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याच फोनची अचानक गेली, ती परत येत नाही, असे झाले तर लगेच दुसऱ्या फोनवरून आपल्या मोबाईल कंपनीला विचारावे.

यापेक्षा चांगला पर्याय ऑथेंटिकेटर ॲपचा आहे, अर्थात संबंधित खात्याने ती सोय दिलेली असेल तर. खात्याच्या सुरक्षा विभागात एक क्यूआर कोड दिसतो. तो ॲपने एकदा टिपला, की एक गुप्त संख्या फोनमध्ये साठते आणि तिच्यावरून व घड्याळावरून ॲप साधारणपणे दर 30 सेकंदांनी सहा अंकांचा नवा कोड तयार करते. त्याला ना सिम लागते ना इंटरनेट. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज नसली, तरी कोड तयार होतोच. फोनची वेळ मात्र आपोआप जुळणारी असावी, कारण घड्याळ मागेपुढे असेल तर कोड चुकीचा ठरतो. ही सोय चालू करताना काही राखीव कोड दिले जातात. ते कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावेत, नाहीतर फोन हरवला की आपणच आपल्या खात्याबाहेर राहतो.

एवढे करूनही एक वाट मोकळी राहते, आणि ती सर्वांत जास्त काळजीची आहे. समजा, निपाणीतल्या एका तरुणाला व्हॉट्सॲपवर शुद्ध मराठीत संदेश आला, की ‘नव्या कायद्यानुसार आपले खाते बंद होत असून 4,860 रुपये परत मिळण्यासाठी आज रात्री 12 पर्यंत केवायसी पूर्ण करा’. खाली कंपनीचे बोधचिन्ह आणि एक पत्ता आहे. कंपनीचे नाव मी कल्पनेतले घेतो, खेळघर, आणि तिचा खरा पत्ता खेळघर डॉट कॉम आहे असे धरतो. संदेशातला पत्ता असा आहे:

`khelghar.com.refund-kyc.in/login`

सुरुवातीला कंपनीचे नाव दिसते आणि तिथेच नजर थांबते. पण पत्त्याचा मालक, सुरुवातीला `https://` असेल तर ते सोडून, पहिल्या तिरप्या रेषेच्या लगेच आधी लिहिलेला असतो. इथे त्या रेषेच्या आधी ‘रिफंड-केवायसी डॉट इन’ आहे. म्हणजे हे पान त्या नावाच्या मालकाचे आहे, आणि सुरुवातीला जोडलेले ‘खेळघर डॉट कॉम’ ही त्याने स्वतः लिहिलेली शोभा आहे. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्हही इथे दिसू शकते, कारण पाठवलेली माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही एवढेच ते सांगते, पानाच्या मालकाच्या सचोटीविषयी नाही.

तरुणाने पान उघडून नाव आणि पासवर्ड भरला, तर मागे असलेली यंत्रणा त्याच क्षणी ती माहिती खऱ्या संकेतस्थळावर भरते. खरे संकेतस्थळ खराच ओटीपी पाठवते. तो खऱ्या नावाने आला, म्हणून तरुणाचा विश्वास अधिकच बसतो. तो ओटीपी बनावट पानावर टाकतो आणि चोर खात्यात पोहोचतो. ऑथेंटिकेटरचा कोडही याच मार्गाने जातो, कारण 30 सेकंद यंत्राला पुरेसे असतात. कोड कुठे टाकला जात आहे, हे कोडला समजत नाही. फोनमधली पासवर्ड जतन करणारी सोय मात्र पत्ता पाहून पासवर्ड भरते, आणि तिचा मघाशी म्हटलेला फायदा तो हाच. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर हाताने भरू नये. तिथेच थांबून पत्ता पाहावा. पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा पिनने, खाते उघडणारी पासकी नावाची नवी सोयही खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असल्याने बनावट पानावर चालत नाही. ती मिळत असेल, तर मी सर्वांत आधी तीच घेईन.

याच संदेशाची आणखी दोन रूपे सांगतो. एकात ‘30 टक्के टीडीएस आधी भरा, मग रक्कम सुटेल’ असे लिहिलेले असते. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के टीडीएसचा नियम खरोखरच आहे, म्हणून ते पटते. परंतु तो कर कंपनीने देय रकमेतूनच कापायचा असतो, खातेदाराने तो कोणाच्या यूपीआयवर वेगळा पाठवायचा नसतो. दुसऱ्या रूपात लिंकऐवजी एपीके फाईल, म्हणजे थेट फोनमध्ये बसवायचे ॲप येते. ती बसवून मेसेज वाचण्याची परवानगी दिली, तर ओटीपी तुम्हाला विचारण्याचीही गरज उरत नाही.

माहिती भरून गेल्यावर लक्षात आले, तर क्रम महत्त्वाचा आहे. संदेशातल्या लिंकवरून नव्हे, तर मूळ ॲपमधून पासवर्ड बदलावा आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ ही सोय वापरावी, कारण आधीच आत असलेला चोर केवळ पासवर्ड बदलल्याने बाहेर जाईलच असे नाही. मग खात्याला जोडलेले बँक खाते आणि मोबाईल क्रमांक आपलेच आहेत का, ते पाहावे. एपीके बसवली असेल, तर हे सारे दुसऱ्या फोनवरून करावे. पैसे गेले असतील, तर बँकेला कळवून लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येणे वेळेवरच अवलंबून असते. घर निपाणीत, सिम महाराष्ट्राचे आणि बँकेची शाखा कोल्हापुरात, म्हणून तक्रार कुठे करायची, या विचारात तास घालवू नये. 1930 हा क्रमांक देशभर एकच आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्द कोणाचीही असली, तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणे आहे. तिथे जाताना संदेशाचे स्क्रीनशॉट, लिंक आणि व्यवहार क्रमांक सोबत न्यावेत, आणि तोवर तो संदेश फोनमधून पुसू नये.

ज्यांची जुन्या खात्यातली शिल्लक काढून झाली आहे, त्यांनी ॲप नुसते फोनमधून काढून टाकू नये, कारण त्याने खाते बंद होत नाही. मूळ ॲपमधल्या मदत विभागातून खाते बंद करण्याची आणि आपली केवायसीची माहिती काढून टाकण्याची लेखी विनंती करावी. कायद्याने काही नोंदी कंपनीला ठराविक काळ ठेवाव्या लागतात, त्यामुळे सगळेच लगेच पुसले जाईल असे नाही. पण खाते बंद झाल्याचे उत्तर मिळाले, की ते ईमेलमध्ये जपून ठेवावे.

नमस्कार.